नेटजवळचा लंज, दुखरा गुडघा आणि तो जुना मुरगळलेला घोटा

वाचकाचं पत्र: मी ३६ वर्षांचा, उजव्या हाताने बॅडमिंटन खेळतो. पूर्वी आठवड्यातून ३ दिवस डबल्स खेळायचो, काहीच त्रास नव्हता. ४ महिन्यांपूर्वी आमचा ग्रुप दुसऱ्या हॉलमध्ये गेला, तिथे सिमेंटवर थेट मॅट टाकलंय. खेळणारे कमी, त्यामुळे बहुतेक वेळा सिंगल्सच होतं आणि दिवसही ५ झालेत. आता नेटजवळचा ड्रॉप उचलायला उजवा पाय पुढे टाकला की वाटीच्या खाली कळ येते आणि त्याच घोट्यात पुढून चिमटा बसतो. हा घोटा २ वर्षांपूर्वी मुरगळला होता, पण तेव्हा लगेच बरा झाला. मध्ये ३ आठवडे पूर्ण आराम केला, बरं वाटलं, पण खेळलो की दुसऱ्या दिवशी परत तेच. रनिंगचे शूज घालतो, त्यात कुशन भरपूर आहे. सगळे म्हणतात गुडघा झिजला, कोर्टच वाईट आहे, अजून जाड सोलचे शूज घे, नी कॅप लाव. खेळ सोडायची वेळ आलीय का?

उत्तर: खेळ सोडायची वेळ आलीय असं तुमच्या पत्रात मला कुठेच दिसत नाही. पण कोर्टला आणि शूजना दोष द्यायच्या आधी एक गोष्ट बघा, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. हॉल बदलला त्याच वेळी ३ दिवसांचे ५ झाले आणि डबल्सचं सिंगल्स झालं. डबल्समध्ये अर्धं कोर्ट पार्टनर सांभाळतो, सिंगल्समध्ये चारही कोपरे तुमचेच. म्हणजे दिवस दुपटीच्या आत वाढले असले तरी उजव्या पायावरचे खोल लंज, म्हणजे पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकणं, त्याच्या कितीतरी जास्त पटीने वाढले असणार. प्रत्येक खोल लंजमध्ये टाच टेकते त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार त्या एका पायावर येतो आणि तो थोपवायचं काम मांडीचा पुढचा स्नायू वाटीच्या खालच्या टेंडनमार्फत, म्हणजे स्नायूचा जोर हाडापर्यंत नेणाऱ्या चिवट दोरीमार्फत, करतो. टेंडनला वाढलेलं काम चालतं, पण ते हळूहळू वाढलेलं लागतं, एका आठवड्यात एवढी उडी त्याला झेपत नाही. सिमेंटने त्यात भर घातली हे खरं, पण हाच खेळ एकदम एवढा वाढवला असता तर चांगल्या लाकडी कोर्टवरही तुम्ही मला हेच पत्र लिहिलं असतंत असं मला वाटतं.

आता 'झिजला' हा शब्द. एक साधी गोष्ट करून बघा, दुखतंय ती जागा एका बोटाने दाखवता येते का? वाटीच्या खालच्या टोकावर, जिथून टेंडन सुरू होतं, तिथे बोट ठेवलं आणि हीच ती जागा म्हणता आलं, खेळ सुरू करताना दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना परत बोलतं, तर हे टेंडनचं दुखणं आहे, ज्याला खेळाडू जंपर्स नी म्हणतात. त्याऐवजी अख्ख्या वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे दुखत असेल, नक्की जागा सांगता येत नसेल, बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर जास्त होत असेल, तर ते वाटी आणि मांडीच्या हाडामधल्या सांध्याचं असू शकतं, तिथे व्यायाम थोडे वेगळे लागतात. तुमचं वर्णन मला पहिल्या प्रकारचं वाटतं. पत्रावरून निदान होत नाही, एकदा फिजिओला दाखवाच, पण वाटीखाली एका जागी कळ येते म्हणजे सांधा झिजला असा अर्थ अजिबात होत नाही.

आणि म्हणूनच ३ आठवड्यांचा आराम उपयोगी पडला नाही. आरामात दुखणं कमी होतं कारण भार नसतो, पण त्याच ३ आठवड्यांत मांडीची आणि टेंडनची ताकद अजून थोडी उतरते, आणि तुम्ही परत जाता ते थेट त्याच ५ दिवसांच्या सिंगल्सला. टेंडन बरं होतं ते मापात दिलेल्या भाराने, नुसतं बसून राहिल्याने नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते घोट्याचं. 'लगेच बरा झाला' म्हणजे दुखायचा थांबला, पूर्ण वाकायला लागला का हे बहुतेक वेळा कुणीच तपासत नाही. तुम्ही आजच तपासा. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून, एक पाय पुढे ठेवून उभे राहा. टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, गुडघा सरळ पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत न्यायचा, आत पडू द्यायचा नाही. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, परत टेकवा, असं करत करत जिथे टाच उचलायला लागते त्याच्या आधीचं अंतर मोजा, अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत. साधारण १० सेंटीमीटरच्या आसपास बऱ्याच जणांचं येतं, पण तो आकडा एवढा महत्त्वाचा नाही, दोन पायांतला फरक महत्त्वाचा. समजा डावीकडे १०.५ आलं आणि उजवीकडे ६, तर तुमच्या गुडघ्याच्या दुखण्याचा मोठा भाग तिथेच समजला. २ सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर तो मनावर घ्या.

हे लंजमध्ये कसं दिसतं ते सांगतो. फोरहँडच्या पुढच्या कोपऱ्यात तुम्ही पाय टाकता, टाच टेकते, मग पूर्ण पाऊल टेकतं आणि नडगी पुढे झुकायला लागते, म्हणजे घोटा वाकायला लागतो. घोटा वाकतोय तेवढा वेळ पोटरीसुद्धा ब्रेक लावत असते. तुमचा घोटा अर्ध्यातच अडला तर पुढून चिमटा बसतो आणि शरीर तर अजून पुढे येतच असतं. मग पाय दोनपैकी एक करतो. एकतर टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर आणि वाटीखालच्या टेंडनवर जातो, किंवा पाऊल बाहेर वळतं, तळपायाची कमान खाली बसते आणि गुडघा आत पडतो. दोन्हीत गुडघा घोट्याचं काम करतो. हे खोटं वाटत असेल तर फोन कोर्टच्या त्या कोपऱ्यात जमिनीजवळ ठेवून स्वतःचे ७-८ लंज समोरून शूट करा आणि हळू करून बघा, टाच टेकल्यावर गुडघा अंगठ्याच्या आत जातोय का एवढंच बघायचं.

घोटा सोडवताना एक चूक फार जण करतात, ती म्हणजे पोटरीचं स्ट्रेचिंग करत राहतात. भिंतीच्या चाचणीत ताण मागे, पोटरीत किंवा टाचेच्या वर जाणवला तर स्ट्रेचिंगचा उपयोग आहे. पण चिमटा पुढे जाणवत असेल, जसा तुम्ही लिहिलाय, तर ताणून ताणून तो भाग अजून चिडतो. तिथे जाड रबर बँड उपयोगी पडतो. बँड मागे खाली एखाद्या पक्क्या खांबाला अडकवायचा, पुढची बाजू घोट्याच्या अगदी खाली, पाऊल सुरू होतं तिथे बसवायची, म्हणजे बँड हाड मागे ओढेल, आणि मग गुडघा हळूहळू पुढे नेऊन परत आणायचा, १० ते १५ वेळा, २-३ फेऱ्या, चिमटा यायच्या थोडं आधी थांबून. लगेच परत भिंतीपाशी मोजा. अर्धा-एक सेंटीमीटर वाढलं आणि चिमटा कमी झाला तर हाच मार्ग, रोज करा. काही आठवडे करूनही जराही फरक पडला नाही तर फिजिओकडून सांधा बघून घ्या, जुन्या मुरगळीनंतर कधीकधी पुढच्या बाजूला हाडाचा छोटा उंचवटा किंवा सुजलेला पडदा अडकत असतो, तो घरी ढकलून जात नाही.

शूजबद्दल मी तुमच्या मित्रांच्या बरोब्बर उलट सांगणार आहे. रनिंगचा शू सरळ पुढे पळायला बनवलेला असतो, टाचेखाली उंच आणि मऊ फोम. बॅडमिंटनमध्ये तुम्ही बाजूला जाता, तिरकं थांबता, मागे ढकलता. उंच मऊ सोलवर पाऊल तिरकं टेकलं की फोम एका बाजूने दबतो आणि घोटा तिकडे कलंडतो, आणि तुमचा घोटा एकदा कलंडून चुकलेला आहे. जितकं जाड कुशन तितका गुडघा सुरक्षित ही समजूत इथे लागू होत नाही. तुम्हाला पाहिजे तो नॉन मार्किंग गम सोलचा बॅडमिंटनचाच शू, जमिनीला जवळ असणारा, टाचेभोवती कडक, चवड्यापाशी बाजूने पक्का. हातात घेऊन बघा, चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध वाकता कामा नये आणि पिळायला गेलं तर सहज पिळता कामा नये. टाचेच्या मागची कड थोडी गोल असेल तर लंजमध्ये टाच टेकताना पाऊल पुढे छान गडगडतं. घालून पुढे एक मोठा लंज करा, बोटं पुढे आपटली किंवा टाच आत सरकली तर तो साइज किंवा तो शू तुमचा नाही. थोडीच सरकत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस घालून टाच आवळून घेता येते, ती भोकं त्यासाठीच असतात.

नवीन गम सोलची ग्रिप पहिल्या दिवसांत फार असते, हे मात्र लक्षात ठेवा. पाऊल टेकलं की जागेवर चिकटतं, आधी जे थोडं सरकायचं ते सरकत नाही आणि तो सगळा झटका गुडघा आणि घोटा घेतात. म्हणून पहिले दोन-तीन सेशन हलके डबल्स खेळा. आणि हे शूज रस्त्यावर घालू नका, धूळ बसली की ग्रिप जाते आणि मग उलटा त्रास. सोलचा रबर कडक, चकचकीत झाला, नक्षी गेली की वरून शू कितीही नवा दिसला तरी बदला. जुन्या जोडीचे सोल उलटे करूनही बघा, मागच्या पायाच्या, म्हणजे तुमच्या डाव्या शूच्या अंगठ्याजवळची आतली बाजू घासलेली असली पाहिजे, कारण लंजमध्ये तो पाय घासत येऊन ब्रेक लावतो. ती बाजू कोरी असेल तर तुमचा मागचा पाय काम करत नाहीये, सगळं उजव्यावर चाललंय.

कोर्टचं म्हणाल तर सिमेंटवरचं मॅट लाकडी स्प्रंग फ्लोअरइतकं दबत नाही, त्यात शंका नाही. लाकडी फ्लोअरवर शेजारी कुणी उडी मारली की पायाखाली हलकं कंपन जाणवतं, सिमेंटवर काही नाही. जवळ लाकडी कोर्ट मिळत असेल तर सिंगल्स तिकडे खेळा. नसेल तर कोर्ट बदलू शकत नाही तिथे मात्रा बदला, सिमेंटवर उड्या मारून स्मॅशची प्रॅक्टिस आणि मल्टीशटलचे लांब ड्रिल नको. आणि कडकपणापेक्षा मला जास्त भीती वाटते ती एकाच कोर्टवर कुठे घसरडं कुठे चिकट असण्याची, घामाचे थेंब, धूळ, मॅटच्या जोडाची उचललेली कड. पाय सरकणार म्हणून टाकला आणि अडकला की घोटा जातो. खेळायच्या आधी कोपऱ्यांवरून चालून बघा, बाजूला ओलसर फडकं ठेवून सोल पुसत राहा, घाम पडला की पॉइंट थांबवून पुसा.

नी कॅपने, किंवा वाटीखाली बांधतात त्या पट्ट्याने, खेळताना काही जणांना बरं वाटतं, वाटत असेल तर वापरा, पण त्याने टेंडनची ताकद वाढत नाही. घोट्याला मात्र लेसवाला ब्रेस मी तुम्हाला नक्की सांगेन, एकदा मुरगळलेल्या घोट्यात परत मुरगळण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, निदान पुढचे काही महिने खेळताना घाला. आणि खेळायच्या आधी पेनकिलर घेऊन उतरायचं नाही, कारण पुढचं सगळं वेळापत्रक दुखण्याचा अंदाज घेऊनच चालणार आहे.

वेळापत्रक ३ दिवसांच्या चक्राचं ठेवा. एक दिवस खेळ, दुसऱ्या दिवशी फक्त स्थिर होल्ड, तिसऱ्या दिवशी ताकदीचा व्यायाम, मग परत खेळ. सुरुवातीला खेळ म्हणजे फक्त डबल्स, तासाभराच्या आत. दोन खेळांत दोन पूर्ण दिवस जातात हे मुद्दाम आहे, टेंडनला जोरदार भारानंतर सावरायला तेवढा वेळ लागतो.

स्थिर होल्ड म्हणजे भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, गुडघे पूर्ण काटकोनात नकोत, थोडे वरच, ४५ सेकंद, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, असे ५. दोन्ही पायांवर सोपं झालं की वजन थोडं उजव्या पायावर सरकवा. बऱ्याच जणांना याने दुखणं लगेच थोडं उतरतं, म्हणून खेळायच्या आधीही दोन-तीन केले तरी चालतील.

ताकदीच्या दिवशी तीनच गोष्टी करा, पण नीट. पहिली, स्प्लिट स्क्वॅट, म्हणजे उजवा पाय पुढे, डावा मागे ठेवून जागेवरच खाली जाऊन वर येणं, ३ सेकंद खाली, ३ सेकंद वर, ३ ते ४ सेट. वजन असं घ्या की पहिल्या आठवड्यांत १५ वेळा जेमतेम जमेल, मग दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवत १२, १०, शेवटी ६ ते ८ वर या. इथे वजनाला घाबरू नका, हलक्या वजनाने ५० वेळा केलं तर दम लागतो, पण टेंडनला पाहिजे तो जड आणि हळू भार मिळत नाही. डाव्या पायालाही तेवढंच. दुसरी, एका पायावर टाच उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून. वाकवून करायचं सोडू नका, लंजमध्ये गुडघा वाकलेलाच असतो आणि तेव्हा ब्रेक लावणारा पोटरीचा खोल स्नायू याच प्रकाराने तयार होतो. सरळ गुडघ्याने २० ते २५ पूर्ण उंचीचे जमले की हातात वजन घ्या. तिसरी, एका पायावर तोल, आधी डोळे उघडे, मग मान वळवत, मग कुणी शटल टाकतंय ते झेलत, मुरगळलेल्या घोट्यात कमी झालेला असतो तो हाच तोल सांभाळायचा अंदाज.

दुखणं किती चालेल? ० ते १० मध्ये मोजा. करताना ३ पर्यंत चालेल, त्याने नुकसान होत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, एका पायावर अर्धं बसून बघा, रोज त्याच पद्धतीने. आकडा कालच्या सकाळएवढाच असेल तर मात्रा बरोबर, वाढला असेल तर कालचं जास्त झालं, पुढच्या वेळी थोडं कमी, पण शून्यावर जायचं नाही. साधारण १२ आठवडे धरून चला, ४ आठवड्यांत बरं वाटायला लागलं की लोक सोडून देतात आणि दुखणं परत येतं.

'गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये' असं तुम्हाला कोर्टवर कुणीतरी सांगेलच. पहिले काही आठवडे खोल लंजमध्ये नडगी जवळपास उभी ठेवली तर टेंडनवरचा ताण कमी होतो, म्हणून तात्पुरतं ठीक आहे, पण कायमचा नियम करू नका, खेळात गुडघा पुढे जाणारच, त्याची त्याला तयारी लागते. त्यापेक्षा बघायचं ते पावलाची दिशा. तुम्ही तिरके जात असाल तर पाऊलही तिरकं, शटलच्या दिशेने पडलं पाहिजे. पाऊल सरळ नेटकडे आणि अंग कोपऱ्याकडे झालं की गुडघा पिळतो. आणि शेवटचं पाऊल राक्षसी टाकण्यापेक्षा आधी एक छोटं पाऊल जास्त घ्या. उशीर झाला की लंज लांब होतो, म्हणून समोरच्याने मारायच्या क्षणी ती छोटी स्प्लिट उडी चुकवू नका.

सिंगल्सला परत जायचं तर आधी भिंतीचा फरक २ सेंटीमीटरच्या आत, स्प्लिट स्क्वॅट दोन्ही पायांवर सारख्या वजनाने, आणि सलग दोन आठवडे सकाळचा आकडा स्थिर. मग शटलशिवाय सहा कोपऱ्यांचं फूटवर्क अर्ध्या वेगाने, मग पूर्ण वेगाने, मग एक गेम, मग दोन. दिवस वाढवायचे तर त्या आठवड्यात मॅच लांबवायची नाही, आणि मॅच लांबवायची तर दिवस वाढवायचे नाहीत.

हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जायचं ते गुडघा काही तासांत सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा द्यायला लागला तर, किंवा घोटा मुरगळल्यावर ४ पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल तर, तिथे एक्सरे लागतो. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी जा, टाचेवरचं टेंडन तुटलेलं असू शकतं. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या वाढत्या वयातल्या मुलाला वाटीच्या खूप खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर त्याला वरचं जड वजनाचं वेळापत्रक देऊ नका, तिथे हाड अजून वाढत असतं, आधी दाखवून घ्या आणि तोवर त्याच्या उड्या आणि लंज कमी करा.